४ तास ३३ मिनिटांचा फरक

मुळशी खोऱ्यातल्या एका मित्राच्या शेतावर आम्ही दोघांनी मिळून पर्जन्यमापक बसवला आहे. पाऊस मोजणारं भांडं, त्याला जोडलेला पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, एक सिमकार्डवाला राउटर आणि या सगळ्याला वीज देणारा छोटा इन्व्हर्टर, एवढाच पसारा. दर १५ मिनिटांनी हा संगणक पावसाचा आकडा इंटरनेटवरून अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेच्या मुंबई विभागात पाठवतो. जून महिना सुरळीत गेला. १३ जुलै २०२४ च्या सकाळी मात्र नोंदी येणं बंद झालं.

रात्री वीज गेली होती, इन्व्हर्टरही उतरला होता, पण सकाळी वीज आली तेव्हा सगळं आपोआप सुरू झालं. इंटरनेट चालू, मोजणी चालू. तरी प्रत्येक नोंद सर्व्हरकडून परत येत होती. उत्तराचा क्रमांक ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. मित्राचा फोन आला, "अरे, किल्ली बाद झालीय बहुतेक. नवी काढून दे."

असं काही झालं की पहिला संशय किल्लीवरच जातो. मीही पूर्वी अनेकदा नव्या किल्ल्या काढल्या आहेत, त्या सगळीकडे बदलल्या आहेत आणि तासाभराने तेच ४०३ पुन्हा पाहिलं आहे. किल्ली बिघडत नाही. ती एक तर बरोबर असते किंवा चुकीची. काल चालणारी आणि कोणीही हात न लावलेली किल्ली रातोरात चुकीची होत नाही. नेमकं काय बिघडतं ते कळायला ही सही म्हणजे काय ते आधी पाहू.

एक कार्यक्रम दुसऱ्या कार्यक्रमाकडे ठरलेल्या रीतीने काही मागतो, त्या व्यवस्थेला एपीआय म्हणतात. मागणाऱ्याची ओळख पटावी म्हणून दोघांकडे एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली विनंतीबरोबर पाठवायची नसते, कारण वाटेत कोणी वाचली तर ती त्याचीही होईल. त्याऐवजी पाठवणारा आपला मजकूर आणि किल्ली एका गणिती घाण्यातून एकत्र काढतो. बाहेर पडतं ते ६४ अक्षरांचं एक चिन्ह, आणि तेच विनंतीला जोडलं जातं. या रीतीचं नाव एचमॅक. मिहिर बेल्लारे, रॅन कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉझिक यांनी ती १९९६ मध्ये मांडली. चिन्हावरून किल्ली उलटी काढता येत नाही, आणि मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं तरी चिन्ह पूर्णपणे वेगळं निघतं.

आता पलीकडच्या बाजूला काय होतं ते पाहा. सर्व्हर आपली सही 'वाचत' नाही. तो आलेला मजकूर घेतो, त्याच्याकडच्या किल्लीने तीच कृती स्वतः करतो आणि निघालेलं चिन्ह आपल्या चिन्हाशी ताडून पाहतो. जुळलं तर आत, नाही तर ४०३. म्हणजे दोघांनी एकमेकांना न विचारता तोच मजकूर अक्षरशः तसाच लिहायला हवा. सही न जुळण्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी इथे जन्मतात. किल्ली तीच असते, पण दोघांनी लिहिलेले कागद वेगळे असतात.

शिवकालीन पत्रांच्या शेवटी, मजकूर संपतो तिथेच, मोर्तबाची छोटी मुद्रा उठवत. पत्र इथे संपलं, यापुढे कोणी ओळ वाढवू नये, हा तिचा अर्थ. त्यावरूनच आपल्या भाषेत 'शिक्कामोर्तब' आलं. एचमॅकचं मोर्तब शेवटच्या ओळीपुरतं नाही, ते प्रत्येक अक्षरावर एकाच वेळी उठतं. पण एवढ्यानेही एक धोका उरतो. पत्र अस्सल आहे, पण ते आजचं आहे का?

समजा, 'या खात्यातून हजार रुपये द्या' अशी सही केलेली विनंती वाटेत कोणाच्या हाती लागली. तिच्यात तो काहीही बदलू शकत नाही. पण ती जशीच्या तशी उद्या पुन्हा पाठवू शकतो, परवा पुन्हा. सही प्रत्येक वेळी बरोबरच येणार. म्हणून सहीच्या मजकुरात वेळ लिहिलेली असते आणि सर्व्हर ती स्वतःच्या घड्याळाशी ताडतो. एस-थ्रीमध्ये १५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे सही कितीही अचूक असली तरी विनंती नाकारली जाते. वेळ सहीच्या आत असल्यामुळे जुन्या विनंतीवर नुसती नवी वेळ घालूनही भागत नाही, कारण मग सहीच मोडते.

मित्राला मी म्हटलं, किल्लीला हात लावू नकोस, सर्व्हरचं उत्तर पूर्ण वाचून दाखव. त्याने पाठवलेल्या उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
<Code>RequestTimeTooSkewed</Code>
<RequestTime>20240712T204900Z</RequestTime>
<ServerTime>2024-07-13T01:22:00Z</ServerTime>
<MaxAllowedSkewMilliseconds>900000</MaxAllowedSkewMilliseconds>
```

शेवटचा आकडा म्हणजे ९ लाख मिलिसेकंद, म्हणजेच १५ मिनिटं. वरच्या दोन ओळींत संगणकाने सांगितलेली वेळ आणि सर्व्हरची वेळ आहे. दोन्हींच्या शेवटी असलेला `Z` सांगतो की ही जागतिक प्रमाणवेळ आहे; आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवायचे. आमचा संगणक समजत होता की पहाटेचे २ वाजून १९ मिनिटं झाली आहेत. सर्व्हरकडे सकाळचे ६ वाजून ५२ मिनिटं झाली होती. फरक ४ तास ३३ मिनिटं.

हा आकडा कुठून आला ते लगेच उलगडलं. या छोट्या संगणकाच्या पाटीवर घड्याळासाठी बॅटरी नाही. साध्या लॅपटॉपमध्ये ती असते, म्हणून तो बंद असतानाही वेळ चालू राहते. बॅटरी नसलेला संगणक दर तासाला वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुन्हा सुरू होताना त्या फाइलमधल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. शेवटची नोंद २ वाजून १७ मिनिटांची होती, २:४० च्या सुमारास सगळं बंद पडलं, ६:५० ला वीज आली. संगणकासाठी रात्रीचे ते साडेचार तास झालेच नाहीत.

एरवी असा संगणक इंटरनेटवर येताच कुठल्या तरी वेळसेवकाला विचारून घड्याळ दुरुस्त करतो. त्या संवादाला एनटीपी म्हणतात आणि तो १२३ क्रमांकाच्या दारातून चालतो. आमच्या राउटरवर आम्हीच सुरक्षेसाठी ४४३ सोडून बाकीची सगळी दारं बंद केली होती. पहिल्या दिवशी वेळ हाताने लावली आणि विसरलो. जूनमध्ये इन्व्हर्टरने प्रत्येक वेळी सांभाळून घेतलं, म्हणून चूक दिसली नाही.

आपण सहज म्हणतो की घड्याळ 'हळूहळू सरकलं', पण १५ मिनिटांच्या मर्यादेत निव्वळ सरकण्याने अडकायला फार वेळ लागतो. घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक दशलक्षात २० इतका चुकत असेल, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक पडतो. १५ मिनिटं व्हायला जवळजवळ दीड वर्ष लागेल. म्हणून एस-थ्रीने वेळेवरून नाकारलं तर मी आधी मोठी उडी शोधतो: वीज गेलेली, झोपवून पुन्हा उठवलेला आभासी संगणक, किंवा चुकीचा वेळविभाग. मर्यादा आखूड असेल तिथे मात्र हिशोब बदलतो. बायनान्स या चलनबाजाराच्या एपीआयमध्ये न सांगता मिळणारी मुदत ५ सेकंदांची आहे, आणि आपलं घड्याळ १ सेकंदाहून जास्त पुढे असलेलं चालत नाही. तोच स्फटिक पुढे धावत असेल तर तिथे एक दिवसही पुरणार नाही.

फरकाचा आकडा स्वतःच बरंच सांगतो. तो वेडावाकडा निघाला, आमच्यासारखा, तर संगणक तेवढा वेळ बंद होता असं समजावं. तो बरोबर साडेपाच तास निघाला तर घड्याळ ठीक आहे. कोणीतरी भारतीय वेळ घेऊन तिच्यापुढे जागतिक वेळेचा `Z` लावला आहे. भारतात बसून लिहिलेल्या कार्यक्रमांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ५:३० हा आकडा दिसताच मी पुढची चौकशी थांबवतो आणि थेट ती ओळ शोधतो.

याच साडेपाच तासांचं एक कठीण रूप आहे. अ‍ॅमेझॉनच्या सहीत तारीख दोनदा येते. एकदा पूर्ण वेळेसह, आणि एकदा नुसता दिवस, `20240713/ap-south-1/s3/aws4_request` अशा ओळीत. मूळ किल्लीपासून आधी त्या दिवसाची, मग त्या विभागाची, मग त्या सेवेची अशी उपकिल्ली काढली जाते आणि सही तिने होते. आता एखाद्याने पूर्ण वेळ जागतिक घेतली आणि दिवस मात्र स्थानिक घेतला, तर काय होईल? सकाळी साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत दोन्हीकडे तारीख एकच असते, सगळं चालतं. मध्यरात्री आपल्याकडे तारीख बदलते, जागतिक वेळेत ती बदलायला पहाटेचे साडेपाच वाजावे लागतात. त्या मधल्या वेळात एकही सही जुळत नाही. दिवसा तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि रात्रीच्या नोंदी रोज गायब असतात. रोज एकाच वेळी येणारी आणि एकाच वेळी जाणारी चूक दिसली की तारखा कुठून घेतल्या आहेत ते बघावं.

आमचं घड्याळ दुरुस्त करायला फार लागलं नाही. राउटरवर १२३ चं दार बाहेरच्या दिशेने उघडलं, आणि घड्याळ जुळल्याशिवाय नोंद पाठवायची नाही असा नियम कार्यक्रमात घातला. तोवर आकडे संगणकातच साठतात. घड्याळ जुळलं की नाही ते `timedatectl` ही आज्ञा सांगते. तिच्या उत्तरात `System clock synchronized: yes` अशी ओळ दिसायला हवी. वेळ कोणाकडून घ्यायची याचंही उत्तर आपल्याकडे आहे. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि `time.nplindia.org` या पत्त्यावर ती देते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना आपली घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळसेवकांशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सेवकांशी, जुळवायला सांगितलं आहे.

नोंदी सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये पुन्हा ४०३ आलं. या वेळी दोष वेळेचा नव्हता.

मित्राने साठवलेल्या नोंदींची यादी दाखवणारं एक छोटं पान स्वतः लिहिलं होतं. तयार संच न वापरता सहीही त्याने हाताने लिहिली होती, शिकण्यासाठी. यादी मागताना विनंतीच्या पत्त्यात काही बाबी जोडाव्या लागतात: यादीचा प्रकार, कुठल्या नावाने सुरू होणाऱ्या फाइली हव्यात, आणि एका वेळी किती. आधी त्याच्या ओळीत दोनच बाबी होत्या आणि पान महिनाभर चाललं. एका वेळी ५० च नोंदी याव्यात म्हणून त्याने शेवटी तिसरी बाब जोडली:

```
list-type=2&prefix=paus%2F&max-keys=50
```

त्या क्षणापासून `SignatureDoesNotMatch`. तो चक्रावला, कारण बाब बरोबर होती, शब्द बरोबर होता, आणि ती काढली की पान पुन्हा चालत होतं.

वरच्या ओळीत `prefix` आधी आहे आणि `max-keys` नंतर. विनंती म्हणून दोन्ही क्रमांचा अर्थ एकच. पण सहीला अर्थ कळत नाही, तिला फक्त अक्षरं कळतात. वाटेत कोणी क्रम बदलला तरी घोटाळा होऊ नये म्हणून अ‍ॅमेझॉनचा नियम आहे की सही करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी बाबी नावाच्या अक्षरक्रमाने लावून घ्यायच्या. सर्व्हर सही तपासताना नेहमी हीच ओळ लिहितो:

```
list-type=2&max-keys=50&prefix=paus%2F
```

मित्राच्या कार्यक्रमात बाबी अक्षरक्रमाने लावण्याची पायरीच नव्हती. जुन्या दोन बाबींत `l` आधी आणि `p` नंतर हा क्रम योगायोगाने बरोबर होता, म्हणून महिनाभर चूक झाकली गेली. ही चूक पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

हे सापडलं कसं, तेही सांगतो, कारण इथे एस-थ्री फार चांगली मदत करते. सही जुळली नाही की तिच्या उत्तरात `CanonicalRequest` आणि `StringToSign` असे दोन भाग येतात. सर्व्हरने स्वतः काय लिहून सही काढली, ते त्यात जसंच्या तसं असतं. आपल्या कार्यक्रमाने सही करण्यापूर्वी जो मजकूर बनवला तो छापायचा, सर्व्हरचा त्याच्याशेजारी ठेवायचा आणि ओळीला ओळ लावायची. आम्हाला पाच मिनिटं लागली. सहीची ६४ अक्षरं मात्र एकमेकांशी ताडत बसू नये. एका अक्षराची चूक असो की शंभरांची, दोन्ही चिन्हं सारखीच वेगळी दिसतात. त्यातून काहीही हाती लागत नाही.

क्रम लावतानाही काही ठिकाणी पाय घसरतो. हा क्रम संगणकाच्या अक्षरक्रमांकाचा आहे, शब्दकोशाचा नाही: सगळी मोठी इंग्रजी अक्षरं लहानांच्या आधी येतात, आणि `item10` हे `item2` च्या आधी येतं. मोकळी जागा `%20` अशी लिहावी लागते. अनेक भाषांतली तयार साधनं तिथे `+` लिहितात आणि सही मोडते. मराठी नावांच्या फाइली असतील तर आणखी एक गोष्ट जपावी. 'दऱ्या' मधला ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे त्याचं स्वतंत्र अक्षर, `%E0%A4%B1`. दुसरा म्हणजे र आणि खालचा नुक्ता वेगवेगळे, `%E0%A4%B0%E0%A4%BC`. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सही एका रूपावर झाली आणि वाटेतल्या एखाद्या साधनाने दुसरं रूप पाठवलं, तर नुसतं पाहून ही चूक सापडणार नाही. मूळ बाइटच छापून पाहावे लागतात.

सगळीकडे बाबी क्रमाने लावायच्या असतात असं मात्र समजू नये. मघाशी उल्लेख केलेल्या बायनान्सकडे उलटा नियम आहे. बाबी कुठल्याही क्रमाने पाठवा, पण ज्या क्रमाने पाठवाल त्याच क्रमाच्या ओळीवर सही करा. तिथे नीटनेटकेपणाने आधी अक्षरक्रम लावून सही केली आणि मग पाठवणाऱ्या साधनाने मूळ क्रमाने बाबी पाठवल्या, तर विनंती परत येते. तिथला सुरक्षित मार्ग एकच: ओळ एकदाच तयार करायची, तिच्यावर सही करायची आणि तीच ओळ, पुन्हा न जुळवता, पाठवायची. पेयू या पैसे स्वीकारणाऱ्या सेवेत तिसरी तऱ्हा आहे. किल्ली, व्यवहार क्रमांक, रक्कम, वस्तू, नाव, ईमेल असा क्रम ठरवून दिलेला आहे, मधे उभ्या रेघा. रिकाम्या जागांच्या रेघाही मोजून तितक्याच द्याव्या लागतात, आणि तिथून परत येणाऱ्या उत्तरात हाच क्रम उलटा असतो. तीन सेवांचे तीन नियम असल्यामुळे एकीकडचा सहीचा कार्यक्रम उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

वेळेवरून आलेल्या नकारावर अनेक जण एक उपाय सुचवतात: मुदतच वाढवा. बायनान्सकडे ती ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते. मी ते करत नाही आणि कोणाला करायला सांगत नाही. ती मुदत चोरलेली विनंती पुन्हा वापरता येण्याचा काळ ठरवते. आपलं घड्याळ चुकलं म्हणून ती वाढवणं म्हणजे कडी लागत नाही म्हणून दार उघडं ठेवणं. घड्याळच दुरुस्त करावं. एनटीपीचं दार उघडणं अगदीच शक्य नसेल, तर सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरात, नकारातसुद्धा, `Date` या नावाने त्याची वेळ येते. तिच्यातून आपली वेळ वजा करून फरक लक्षात ठेवायचा आणि सही करताना तो आपल्या वेळेत मिळवायचा. अ‍ॅमेझॉनच्या काही तयार संचांत ही सोय आधीपासून आहे. तिला एक मर्यादा आहे. घड्याळ काही तासांनी चुकलेलं असेल तरच हे चालतं. ते १९७० सालावर गेलं असेल, तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्रच अजून लागू झालेलं नाही असं संगणकाला वाटतं, आणि बोलणं सुरू होण्याआधीच तुटतं.

मित्राची किल्ली आजही तीच आहे, आम्ही ती बदलली नाही. तुमच्याकडे कधी असं ४०३ आलं, तर नवी किल्ली काढण्याआधी उत्तरातल्या दोन वेळांची वजाबाकी करा, आणि मग दोन मजकूर शेजारी ठेवून वाचा.